जूनचं रिटर्न आणि तुझं तीन महिन्यांचं काम

हाय,

हे ग्रुपवर न टाकता तुला एकटीलाच मेल करतेय. आधी एक, १५ तारखेला बिल्डरचा फोन आल्यावर मी सगळ्यांसमोर तुला बोलले ते चुकलंच, सॉरी. आवाज जरा जास्तच चढला माझा.

आता मुद्दा. आपल्या हार्डवेअरवाल्या क्लायंटने त्या बिल्डरला जूनमध्ये ७ बिलं केलेली, ती जीएसटीआर-१ मध्ये बी-टू-सीत गेली, त्यामुळे १४ तारखेला त्याचं २बी आलं त्यात एकही बिल नव्हतं आणि त्याचं क्रेडिट अडकलं. मी टॅली उघडून बघितलं, नवीन पार्टीचं लेजर तू काढलंस तेव्हा ते 'अनरजिस्टर्ड' राहिलं, बाकी एंट्र्या सगळ्या बरोबर आहेत, रकमा, एचएसएन, तारखा, काहीच चूक नाही. पण बिलावर २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर ठळक छापलेला होता गं, आणि एकाच पार्टीची लाखाच्या वरची सात बिलं किरकोळ गिऱ्हाइकात दिसतायत हे अपलोड करायच्या आधी खटकायला हवं होतं. आता आपण दुरुस्ती टाकली तरी त्याला क्रेडिट पुढच्या महिन्याच्या २बीतच दिसणार, म्हणजे क्लायंटला महिनाभर त्याची बोलणी खायची.

यात माझाही वाटा आहे. फाइल तुझ्या हातात मी १० तारखेला संध्याकाळी दिली, ११ ला ड्यू डेट, आणि तपासून न बघताच ओके म्हटलं.

तुझी नजर कच्ची आहे असं मला अजिबात वाटत नाही. मे महिन्यात ट्रान्सपोर्टवाल्यांची खरेदी २बीशी जुळवताना एकच बिल दोनदा चढलेलं तूच पकडलंस, नाहीतर १८ हजारांचं क्रेडिट जास्तीचं घेतलं असतं आणि नंतर व्याजासकट भरायला लागलं असतं. ते मी तेव्हा सरांना सांगितलं, तुला सांगायचं राहून गेलं. खरेदी तू अशी एकेक ओळ बघतेस, विक्रीला मात्र एकूण टॅली झालं की सोडून देतेस, फरक तेवढाच आहे.

तर ऑगस्टपासून असं करू, मी ५ तारखेपर्यंत डेटा देईन, तू ८ ला फक्त बी-टू-सीची यादी काढून ५० हजारांच्या वरची बिलं माझ्यासोबत बघायची, पंधरा मिनिटांचं काम आहे. नवीन पार्टीचा नंबर नसेल तर क्लायंटला लगेच फोन कर, माझी वाट बघत बसू नकोस. अडलं की विचारत नाहीस तू, ते कमी कर जरा.

मी जे लिहिलंय त्यात काही चुकीचं वाटलं तर सरळ लिही. नाहीतर शुक्रवारी ३बीची गडबड संपली की खाली चहाला जाऊ, तेव्हा बोल.