योआनाला, १ मार्च

प्रिय योआना,

ओ प्रिमावरा फ्रुमोआसा! वसंत छान जावो तुझा. सनतते शी नोरोक, म्हणजे आरोग्य आणि नशीब, दोन्ही भरभरून. इथे साडेदहा वाजलेत, म्हणजे तुमच्या याशमध्ये सातच. चहाच्या आधी शुभेच्छा पोचल्या पाहिजेत, म्हणून थांबले.

पाकिटातला मर्त्सिशोर माझ्या हातचा आहे. मेन रोडवर लोकर घेतली, लाल आणि पांढरी, आणि तू शिकवलंस तसा दोन टोकं धरून पीळ घातला. थोडा जाड झालाय, तुझ्या कोटावर गोंडा लावल्यासारखा दिसेल. चालवून घे. दुसरा, बारीक, आंद्रेईसाठी आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडे पुरुषांनाही बांधतात म्हटल्यावर मी "राखीसारखं का?" विचारलं होतं आणि तुझ्या आईला समजावताना तुझी पुरती दमछाक झाली होती. आठवतंय ना? सासूबाई अजून त्याला 'रोमानियाची राखी' म्हणतात. आता मी दुरुस्त करत नाही.

तू मला बांधलेला दोरा महिनाभर घातला, आणि पाडव्याला अंगणातल्या पेरूच्या फांदीला बांधला. फळझाडालाच बांधायचा ना, म्हणून पेरू. चार दिवसांनी पाहते तर दोरा गायब! बुलबुलाने ओढून नेला, घरट्यात लाल टोक दिसत होतं. याचा अर्थ शुभ की अशुभ, ते तुझ्या आजीला विचार आणि शुभच असेल तर कळव.

आता बाबा दोकियाचं. 'बाबा' म्हणजे म्हातारी हे आमच्या घरी अजून कुणाला पटत नाही. ती नऊ मेंढ्यांच्या कातड्यांचे कोट घालून डोंगरावर चढते, वसंत आला समजून रोज एक काढते आणि शेवटी गारठून दगड होते, ही गोष्ट मी ईशाला सांगितली. तिचा प्रश्न, "एक तरी कोट का नाही ठेवला?" ईशाचा वाढदिवस १२ ला, एक अधिक दोन तीन, म्हणून तिची बाबा ३ मार्च. माझी ७. त्या दिवशी हवा कशी, तसं वर्ष जातं म्हणे, पण नाशिकला मार्चमध्ये नऊही दिवस सारखंच ऊन. आमचं वर्ष ठरलेलंच! तुमच्याकडे मात्र सकाळी बर्फ, दुपारी ऊन. तुझी ५ ला ना? कसा दिवस होता ते लिही.

बाजारात ग्योचेय आले असतील. त्या पांढऱ्या, मान खाली घातलेल्या फुलांच्या जुडीचा फोटो पाठव, आणि एक जुडी माझ्यातर्फे आईला दे. ८ मार्चला आणखी एक द्यावी लागेल, ती मात्र तुझ्या पैशांनी.

तुझी,
मेधा