पाळी गेली म्हणून बाई संपत नाही

बायांनो, हप्त्याची वही जरा बाजूला ठेवा. गेल्या बैठकीला एकीनं मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "पाळी थांबली, आता मी म्हातारी झाले का हो ताई?" अगं, वय वर्षं ४७! आपल्या गटाची कांदा-लसूण चटणी तिच्याच हाताची. मसाला भाजायला उभी राहिली की गल्लीला ठसका लागतो, आणि ही म्हणे म्हातारी!

बीजकोशांतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, म्हणून पाळी जाते. साधारण ४५ ते ५५ मध्ये. सलग बारा महिने आली नाही की गेली समजायचं; तोवर दिवस राहू शकतात, हेही ध्यानात असू द्या. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, उगाच चिडचिड होते. ते नाटक नव्हे. घरच्यांनाही सांगा, लाजू नका.

हाडं मात्र जपा. नाचणी, तीळ, दूध, आणि रोज रंकाळ्याला चालत एक चक्कर. (गप्पा मारत चाललात तरी चालेल.) फार त्रास झाला तर औषधं आहेत, डॉक्टरांना विचारा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडं जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवा. आणि "पिशवी काढून टाका" कुणी म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. स्कूटर त्यानंतर शिकले.

चला, चहा आलाय. ज्यांना चारचौघींत बोलायचं नाही, त्यांनी माझ्याजवळ येऊन बसा.