बॅटरीच्या भावाबद्दल

नमस्कार काका,

काल रात्री तुम्ही पाठवलेला इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या ऑनलाइन भावाचा स्क्रीनशॉट पाहिला. दुकान बंद करायची वेळ होती. घाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा सकाळी नीट लिहावं म्हटलं.

आधी सरळ सांगतो, मॉडेल तेच आहे. 150 एएचची टॉल ट्युब्युलर, कंपनी तीच, नंबरही तोच. ऑनलाइनचा माल डुप्लिकेट असतो असं काही मी म्हणणार नाही. भावही आमच्यापेक्षा साधारण 12 टक्क्यांनी कमी आहे. तुम्ही मला न विचारता घेऊन टाकली असती तरी चाललं असतं, पण विचारलंत हे बरं वाटलं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतच भावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ती जरा मोठी करून वाचा. तो भाव जुनी बॅटरी परत देणाऱ्यांसाठी आहे. तुमची जुनी तर मेहुण्यांच्या गॅरेजला द्यायची ठरलीय ना? मग तुम्हाला तो भाव लागणार नाही. मी सांगितलेल्या भावात जुनी धरलेलीच नाही. उद्या विचार बदलून ती मला दिलीत तर तिचे पैसे वेगळे वजा होतील. माझ्या हिशेबाने निम्म्याहून जास्त फरक तिथेच मिटतो.

तरी थोडा उरतो, तो मी नाकारत नाही. तो कशाचा घेतो ते सांगतो.

बॅटरी हे काही फ्रिजसारखं खोक्यात पडून राहणारं सामान नाही. नुसती ठेवली तरी ती दर महिन्याला थोडी थोडी उतरते, उन्हाळ्यात जरा जास्तच. उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. ते एकदा कडक झालं की कितीही चार्ज करा, बॅकअप पहिल्यासारखा मिळत नाही. म्हणून मी एका वेळी मोजक्याच मागवतो आणि विकली जाईपर्यंत मधूनमधून चार्जिंगला लावतो. कोणतीही घ्या, पण घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना नक्की बघा. ऑनलाइन मागवलीत तर तो खोकं उघडल्यावरच कळेल.

दुसरं म्हणजे वॉरंटी. कागदावर ती सारखीच आहे, पण खरा प्रश्न तक्रार आली की धावपळ कोणी करायची हा. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाची बॅटरी अर्ध्या तासात बसायला लागली. कंपनीच्या माणसाने वरवर बघून "पाणी कमी होतं, तुमचीच चूक" म्हणून विषय संपवला. मी बॅटरी दुकानात आणली, रात्रभर चार्ज केली आणि सकाळी सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, मोजली. पाच सेल 1240 च्या आसपास, सहावा 1150 वर अडकलेला. पाणी सगळ्यांत सारखंच होतं, म्हणजे दोष त्या एका सेलचा. ते आकडे आणि फोटो पाठवल्यावर नवी बॅटरी मंजूर झाली. मंजुरीला नऊ दिवस लागले, तेवढे दिवस माझ्याकडची स्पेअर त्यांच्या इन्व्हर्टरला लावून दिली होती. असं दर वेळी घडत नाही. पण घडतं तेव्हा त्याला लागणारा वेळ आणि ती स्पेअर बॅटरी या भावातूनच निघते.

बाकी पोचवणं, चढवणं, टर्मिनलला जेली लावून जोडणं हे सगळं त्यातच आलं. भरलेली बॅटरी 50 किलोच्या वर भरते. तुमच्या कमरेचं मला माहीत आहे, त्यामुळे जिन्यावरून ती कोण नेणार याची काळजी तुम्ही करू नका.

भाव त्यांच्याइतका खाली आणणं मला खरंच जमणार नाही. जमवला तर या सगळ्यातलं काहीतरी गुपचूप कापावं लागेल आणि ते तुम्हाला दोन वर्षांनी कळेल. तशी सूट द्यायला मला आवडत नाही. एक मात्र करू शकतो: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी मुलगा येऊन पाणी आणि टर्मिनल बघून जाईल, त्याचे पैसे लावणार नाही. डिस्टिल्ड वॉटरचे तेवढे पडतील.

आणि शेवटी ऑनलाइनच घ्यायची ठरवलीत तरी मनात काही ठेवू नका. जोडून देईन, फक्त येण्याजाण्याची मजुरी घेईन. तेव्हा खोकं उघडताना आधी महिना बघा, ॲसिड सांडल्याच्या खुणा बघा आणि शंका आली तर सही करायच्या आधी मला फोन करा.

तुमच्यासाठी एक बॅटरी बाजूला काढून ठेवली आहे, चार्जिंगलाही लावली आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कोणाला देणार नाही. हो किंवा नाही, एवढं तोपर्यंत कळवा.