शुभांगी, अण्णांबद्दल

शुभांगी,

सोमवारी सकाळी ग्रुपवर माझा मेसेज दिसला असेल. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ पुढे दोन हात जोडलेले आणि एक पणती. वरच्या कुणाचा तरी उचलला आणि टाकला, खरं सांगते. बसमध्ये बसल्यावर परत वाचला तेव्हा लक्षात आलं, मी तुला ‘तुमच्या’ म्हटलंय. अकरा वर्षं शेजारी बसतो आपण, एका डब्यात जेवतो, आणि अण्णा गेल्यावर मी तुला अहो-जाहो करतेय! पुसून टाकला. तू तो वाचला नसशील तर बरंच. वाचला असशील तर तो माझा नव्हता असं समज. हा माझा.

अण्णा गेले हे अजून नीट पटत नाही. पेन्शनच्या खिडकीसमोरचा भिंतीला टेकलेला बाक त्यांचाच. काल त्यावर कुणीतरी दुसरे आजोबा बसले होते, तर मला उगाच राग आला त्यांचा.

दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला यायचे ते तुला माहीतच आहे. वर्षात कधीही दिला तरी चालतो हे मी चारदा सांगितलं, पण नाही, दिवाळी झाली की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. ‘जिवंत आहे बाई, लिहून घे.’ तुझ्या खिडकीवर मात्र कधी यायचे नाहीत. ‘घरच्या माणसाकडून काम नको, लोक नावं ठेवतात’ म्हणायचे. त्यामुळे त्यांची बोटं माझ्या वाट्याला आली. त्या मशिनवर त्यांचा अंगठा काही उठायचा नाही. एकतीस वर्षं स्टेअरिंग धरून रेषा पार गुळगुळीत झालेल्या. मी रुमालाने बोट पुसायची, जरा दाबून धरायची, मग तिसऱ्या-चौथ्यांदा कधीतरी हिरवा दिवा लागायचा. गेल्या खेपेला उजव्या हाताचं एकही बोट चाललं नाही, शेवटी डावी अनामिका चालली. म्हणाले, ‘गिअर उजव्या हाताला नसतो, तरी बघ कसा झिजलाय.’ त्यांचा हात केवढा जड होता गं. आणि उबदार. आज सकाळी ते मशिन पुसताना तेच आठवत होतं.

मग पाच मिनिटं बसायचेच. ‘मी आणि एसटी एकाच सालचे. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली, आणि मी दीड महिन्याने मागून आलो.’ हे मी दहा वेळा तरी ऐकलं असेल. अकराव्यांदाही ऐकलं असतं.

आता जे सांगते ते तुला कदाचित माहीत नसेल. मंगळवारी माहुलीला तुम्ही सगळे पुढे होता. मागे पिंपळाखाली त्यांचे डेपोतले सात-आठ जण उभे होते, त्यातल्या एकांशी बोलणं झालं. बारीक अंगाचे, टोपीवाले, बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर अण्णांबरोबर वाहक होते. ते म्हणाले, सकाळी परत येताना कासच्या अलीकडे एका फाट्यावर अण्णा रोज गाडी थांबवून खाली उतरायचे आणि टॉमी घेऊन टायर ठोकत बसायचे. मागचा, पुढचा, परत मागचा. वरच्या वस्तीवरून एक मुलगी यायची साताऱ्याला शाळेत. तिचा एक पाय अधू होता, उतार उतरायला तिला वेळ लागायचा. ती दिसली की अण्णांचा टायर बरोबर तपासून व्हायचा. गाडी रोज चार मिनिटं उशिरा. वरून विचारणा झाली तेव्हा अण्णांनी ‘टायर तपासणी’ एवढंच लिहून दिलं. आणि त्या मुलीला पत्ताच नाही. तिला वाटायचं, आपण रोज नशिबाने गाडीला पोचतो. हे तीन वर्षं, तिची दहावी होईपर्यंत. ते वाहककाका सांगता सांगता हसायला लागले, ‘त्या फाट्यावर आमचा टायर कधीच नरम नव्हता हो’, आणि मग एकदम टोपी काढून तोंड पुसायला लागले.

मी त्यांचा नंबर घेऊन ठेवलाय. तुला किंवा काकूंना कधी बोलावंसं वाटलं तर.

एक गोष्ट मला टोचतेय, ती तुझ्यापाशीच बोलायला हवी. जानेवारीत अण्णा मला म्हणाले होते, ‘तुझ्या नव्या गाडीतून एकदा बामणोलीला नेऊन आण, मी पुढे बसतो, वाट दाखवतो. धरणाचं पाणी बघून येऊ.’ मी म्हटलं, मार्च एन्ड होऊ दे. मार्च गेला, मग ऊन होतं, मग ऑडिट आलं, मग पाऊस लागला. त्यांनी परत विचारलं नाही. मला वाटलं विसरले. पण ते काही विसरणारे नव्हते. आपणच लोकांना ‘उद्या या’ सांगायला सोकावलोय. याचं तू काही मनाला लावून घेऊ नकोस आणि ‘अगं असू दे’ असंही म्हणू नकोस. फक्त सांगितलं.

दवाखान्यातल्या त्या आठ दिवसांबद्दल तू परवा म्हणालीस, ‘आधी नेलं असतं तर.’ यावर मी काय बोलू? मी डॉक्टर नाही. पण रोज संध्याकाळी तिजोरीची चावी माझ्या हातात देऊन तू धावत सुटायचीस, एकदा तर पर्स टेबलावरच राहिली होती, ते मी बघितलंय. एवढं मला ठाऊक आहे.

कामाचं थोडक्यात. तुझी चावी साहेबांनी सही घेऊन माझ्या आणि नव्या मुलाच्या नावावर केली आहे. सोनेतारणाचं रजिस्टर मी बघतेय, दोन नोंदी राहिल्या होत्या त्या झाल्या. रजा तेराव्यापर्यंत टाकली आहे. पुढे लागली तर एक शब्द कळव, अर्ज मी लिहीन. काकूंच्या पेन्शनचे कागद डोक्यात आणू नकोस. दाखला हातात आला की मी घरी येऊन सह्या घेईन, त्यांना खिडकीवर उभं राहायला लागणार नाही.

वहिनी म्हणाल्या, तुमच्याकडे दहा दिवस फोडणी चालत नाही. म्हणून गुरुवारी रात्रीचं बिनफोडणीचं वरण, भात आणि ज्वारीच्या भाकरी मी पाठवतेय. पुण्याहून भाऊ आलाय, पोरं आहेत, माणसं सतत येतायत, त्यामुळे भाकरी जास्तच टाकते. काकू दुपारी नुसत्या चहावर राहतात असं कळलं. त्यांच्या ताटात तू स्वतः वाढ, तुझ्या हातचं नाही म्हणणार नाहीत.

मी रविवारी येईन. बोलायचं नसेल तर आत पडून राहा, मी काकूंजवळ बसेन. या मेसेजला उत्तर लिहू नकोस, ‘धन्यवाद’ तर मुळीच नको. डबे धुऊन परत करायच्या भानगडीतही पडू नकोस, निळ्या झाकणाचा तर तुझाच आहे, मे महिन्यापासून माझ्याकडे राहिलाय.

अलका