पश्चिमेची भिंत : फडाच्या चित्रासाठी प्रॉम्प्ट

शनिवारी सातवीची मुलं शाळेच्या संगणकावर भिंतीच्या चित्राचे नमुने तयार करणार आहेत. त्यांच्यासाठी, सर्व शिक्षकांसाठी आणि पेंटरदादांसाठी हे प्रॉम्प्ट, म्हणजे चित्र कसं हवं ते संगणकाला सांगणारे मजकूर, लिहून ठेवते आहे. जसेच्या तसे टाइप करा. शब्द बदलायचा असेल तर एका वेळी एकच बदला, म्हणजे कशामुळे काय झालं ते कळेल.

आधीच्या शाळेत मी नुसतं ‘सुंदर गावाचं भित्तिचित्र’ एवढंच लिहिलं होतं. पडद्यावर आलेलं चित्र देखणं होतं: सोनेरी ऊन, पाण्यावर चकाकी, झाडाला हजार पानं. ते भिंतीवर उतरवताना पेंटर आठ दिवस झिजला. सावल्या डागांसारख्या दिसू लागल्या, चेहरे बिघडले, आणि शेवटी त्यावर पांढरा मारून सुविचार लिहावा लागला. मुलांचे उतरलेले चेहरे मला अजून आठवतात. म्हणून या वेळी पेंटरचा ब्रश डोळ्यांसमोर ठेवूनच शब्द निवडले आहेत.

विषय फडाचा. पांझरेकाठच्या गावांत नदीवर बंधारा घालायचा, कालव्यानं पाणी आणायचं आणि चाऱ्यांतून शेतजमिनीच्या एकेका मोठ्या भागाला, म्हणजे फडाला, द्यायचं, ही पद्धत शेकडो वर्षं चालत आली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ एकट्याला बसत नव्हती, सगळ्यांना थोडी थोडी बसायची. ‘समाज’ म्हटलं की हात धरून गोल उभी राहिलेली मुलं बहुतेक शाळांच्या भिंतींवर दिसतात. आपल्याकडे त्याहून खरं काही आहे, आणि ते मुळातच पट्ट्यापट्ट्यांचं, चौकोनाचौकोनांचं आहे.

सगळ्यांच्या आधी टाकायचा मजकूर

प्रॉम्प्ट 1 ते 4 यांतला प्रत्येक या मजकुराच्या खाली जोडायचा. हा गाळला तर सगळं फसेल.

“शाळेच्या बाहेरच्या भिंतीसाठी भित्तिचित्राचा आराखडा. आडवी भिंत, 40 फूट रुंद आणि 10 फूट उंच, म्हणजे रुंदी उंचीच्या चौपट. अगदी समोरून पाहिलेली सपाट रचना. सावली, चकाकी, धूसर कडा, एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारा रंग, यांतलं काहीही नको. कात्रीनं कापलेल्या जाड कागदासारखे मोठे आकार. सर्वांत लहान आकारही तळहातापेक्षा लहान नको. प्रत्येक आकाराभोवती दोन इंच जाडीची एकसारखी काळी रेघ. फक्त सहा रंग: गेरू #8E3B24, हळदी पिवळा #D99A1C, केळीच्या पानाचा हिरवा #2F7D3B, पाण्याचा निळा #1F5A8A, कापसाचा पांढरा #F6F1E4, काळ्या मातीचा काळा #2B2523. या सहांच्या फिकट किंवा गडद छटा नकोत. डाव्या कडेपासून 8 ते 12 फूट आणि 28 ते 32 फूट या जागी दोन खिडक्या आहेत, जमिनीपासून 3 फुटांवर सुरू होऊन 7 फुटांवर संपणाऱ्या. तिथे रिकामे पांढरे चौकोन ठेवायचे, त्यांवर कोणताही आकार येऊ द्यायचा नाही. तळाशी पूर्ण लांबीभर एक फूट उंचीचा गेरूचा पट्टा. माणसांची त्वचा सगळ्यांची गेरू रंगाची. चेहऱ्यावर नाक, डोळे, तोंड नको. माणूस ओळखू यावा तो पागोटं, पदर, टोपी, दप्तर आणि उभं राहण्याच्या ढबीवरून. चित्रात अक्षरं, अंक, सही, झेंडे नकोत.”

तळाचा गेरूचा पट्टा शोभेसाठी नाही. पावसाळ्यात अंगणातला चिखल तिथवर उडतो. आणि चेहरे कोरे ठेवण्याचा हट्ट माझा आहे: मुलांना त्यात आपापली आजी, आपापला बाप पाहता यावा.

प्रॉम्प्ट 1 : बंधाऱ्यापासून शाळेपर्यंत

“डाव्या कडेला, पहिल्या 8 फुटांत, नदीवरचा दगडी बंधारा: काळ्या रंगाचे रुंद, ओबडधोबड चौकोनी दगड एकावर एक रचलेले, त्यांच्यामधल्या रेघा पांढऱ्या, मागे निळ्या पाण्याचा भरीव आकार. बंधाऱ्याच्या वरच्या टोकापासून एक फूट रुंदीचा निळा पट्टा निघतो. तो कालवा. खिडक्यांच्या वरून, जमिनीपासून 8 ते 9 फुटांच्या उंचीवर, तो उजव्या कडेपर्यंत सरळ जातो. कालव्याच्या खाली 8 ते 40 फुटांच्या जागेत समान रुंदीचे चार फड. पहिला फड उसाचा: जाड उभे हिरवे दांडे, मध्ये पांढरी जागा. दुसरा गव्हाचा: सपाट हळदी पिवळा, त्यावर मोठ्या काळ्या तिरप्या रेघा. तिसरा बाजरीचा: पांढऱ्यावर हिरवे दांडे आणि टोकाला पिवळी लांबट कणसं. या तिन्ही फडांत कालव्यातून एकेक निळी चारी सरळ खाली उतरते. चौथ्या फडाला चारी नाही. तो कोरडा, पूर्ण काळ्या मातीचा. त्या काळ्या जमिनीवर सात-आठ माणसं दाटीनं गोल बसली आहेत: पागोटं घातलेला म्हातारा, डोक्यावर पदर घेतलेल्या दोन बाया, टोपीवाला तरुण, दप्तर घेतलेल्या दोन मुली, मांडीवर बाळ. कपडे फक्त पांढरे आणि पिवळे. मधोमध एकच भाकरी, पांढरी आणि मोठी गोल. या फडात रेघा काळ्याऐवजी पांढऱ्या.”

शेवटचं वाक्य विसरू नका. काळ्यावर काळी रेघ दिसत नाही, आणि गेरूची माणसं त्यात बुडून जातात. कोरड्या फडात गर्दी असणं हाच या चित्राचा जीव आहे. नमुन्यात तो फड रिकामा आला, तर तो नमुना बाजूला टाकायचा, बाकी कितीही चांगला असला तरी.

प्रॉम्प्ट 2 : पाटकरी, जवळून

मोठं चित्र ठरलं की मधल्या माणसाचा वेगळा नमुना काढायचा. दुसऱ्या फडावर, भिंतीच्या डाव्या कडेपासून 16 ते 24 फुटांच्या मध्ये, तो उभा राहील. या वेळी आधीच्या मजकुरातलं भिंतीचं माप, खिडक्या आणि तळाचा पट्टा काढून टाका.

“एकच माणूस, आकृतीची उंची 6 फूट, बाजूनं पाहिलेला. पाटकरी आहे तो, शेताला पाणी देणारा. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, डोक्याला पांढरं पागोटं, पाय अनवाणी आणि घोट्यापर्यंत चिखलात. दोन्ही हातांनी फावडं धरून तो चारीच्या मातीच्या बांधाला बारं पाडतो आहे. फावड्याचं पातं मोठं, काळं, जवळजवळ त्याच्या छातीएवढं. फुटलेल्या बांधातून निळं पाणी जाड जिभेसारखं बाहेर आलं आहे. पाठ वाकलेली, अंगाचा एक मोठा कमानदार आकार. मागची जमीन सपाट पिवळी.”

पातं मुद्दाम मोठं मागितलं आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला एवढ्या लांबून फावडं फावडंच दिसलं पाहिजे. आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांनी बापाबरोबर रात्री बॅटरी धरून बारं दिलेलं आहे. पाटकऱ्याची पावलं नीट आली का, हे तीच सांगतील. त्यांचं ऐका.

प्रॉम्प्ट 3 आणि 4 : दुसरे पर्याय

फड सगळ्यांना पटला नाही, तर हे दोन आहेत.

“हिवाळ्यातली भरीत पार्टी. मध्ये पिवळा आणि गेरू रंगाच्या टोकदार आकारांचा जाळ, त्याखाली पऱ्हाट्यांच्या जाड काळ्या काड्या, जाळात लांबट हिरवी वांगी. दोन्ही बाजूंना बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात पांढरी गोल भाकरी. एक बाई लाकडी मुसळीनं वांगी ठेचते आहे. वर काळं सपाट आकाश, त्यात मोठा पांढरा चंद्र, आकाशातल्या रेघा पांढऱ्या.”

“होळीचा नाच. डावीकडे मोठा ढोल, उजवीकडे पावरी वाजवणारा माणूस, पावरीला मोरपिसं. मध्ये खांद्याला खांदा लावून नाचणाऱ्यांची एक अखंड ओळ, सगळ्यांचे पाय एकाच दिशेला. मागे सातपुड्याचे चार त्रिकोण, हिरवे आणि निळे.”

होळीचा प्रॉम्प्ट भिल्ल, पावरा आणि कोकणा मुलांसमोर ठेवूनच वापरायचा. त्यांनी ‘असं नसतं’ म्हटलं की तिथेच थांबायचं.

प्रॉम्प्ट 5 आणि 6 : पेंटरच्या हातात देण्याआधी

“हेच चित्र, सर्व आकार आणि जागा तशाच ठेवून, फक्त काळा, पांढरा आणि राखाडी या रंगांत.”

हे छापून व्हरांड्याच्या एका टोकाला चिकटवा आणि दुसऱ्या टोकाला उभे राहा. माणूस आणि जमीन वेगवेगळी दिसली नाहीत, तर तिथे रंग बदलावा लागेल.

“हेच चित्र, रंग काढून, पांढऱ्यावर फक्त काळ्या बाह्यरेषा. आत काहीही भरायचं नाही.”

या रेखाचित्रावर मुलं पट्टीनं आडवी 40 आणि उभी 10 घरं आखतील. एक घर म्हणजे भिंतीवरचा एक फूट. पेंटरदादा भिंतीवर सुतळी आणि खडूनं तीच 400 घरं आखतील. आकारांमध्ये रंगांचे आकडे मुलांनी पेन्सिलीनं लिहायचे: गेरू 1, पिवळा 2, हिरवा 3, निळा 4, पांढरा 5, काळा 6. आकडे संगणकाकडून मागू नका, चुकतात.

रंगांबद्दल पेंटरदादांसाठी

कोड दुकानात दाखवा, पण पडद्यावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग कधीच तंतोतंत सारखा येत नाही. म्हणून आधी भिंतीच्या कोपऱ्यात प्रत्येक रंगाचा हातभर चौकोन मारून, पूर्ण वाळू द्या. मग एकदा सकाळी आणि एकदा दुपारी चारला बघा. भिंत पश्चिमेची आहे, उन्हाळाभर ती तापते. म्हणून भडक लाल आणि चमकणारा गुलाबी घेतलेला नाही. गेरू आणि पिवळा ऑक्साइडचेच मागा, ते उन्हात जास्त टिकतात. एका रंगाचे सगळे डबे एकदमच आणा. निळा सर्वांत महत्त्वाचा, कारण कालवा बंधाऱ्यापासून उजव्या कडेपर्यंत अखंड जातो आणि मध्येच छटा बदलली तर जोड उठून दिसेल. जुन्या चुन्याचे पापुद्रे आधी खरवडून काढले नाहीत, तर हा रंगही त्यांच्याबरोबर गळून पडेल.

जवळचंच साहित्य आणि ठसठशीत आकार ही आपल्या भागात काही नवी गोष्ट नाही. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या हाताशी असलेल्या साहित्यातून उभी केली होती. सातवीच्या मुलांना शनिवारी हे आधी सांगणार आहे.

चित्र बिघडलं तर

चेहऱ्यावर डोळे आले: “सर्व चेहरे कोरे गेरू रंगाचे कर, बाकी काही बदलू नकोस.”

पाण्यावर लाटा आणि चकाकी आली: “पाणी एकाच निळ्या रंगाचा सपाट पट्टा कर.”

खिडकीवर ऊस चढला: “8 ते 12 फुटांतला चौकोन रिकामा कर, ऊस त्याच्या उजवीकडे सरकव.”

चौथ्या फडात हिरवळ उगवली, आणि ती उगवतेच, कारण कोरडी जमीन संगणकाला सारखी भरून टाकाविशी वाटते: “चौथा फड पूर्ण काळा आणि पिकाशिवाय ठेव. तिथे माणसं वाढव.”