सराव प्रश्नसंच: अन्नसाखळी, ऊर्जेचा मनोरा आणि अनुक्रमण

(वनसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील परीक्षार्थींसाठी. एकूण प्रश्न ८, प्रत्येकी २ गुण, वेळ २० मिनिटे. चुकीच्या उत्तरासाठी अर्धा गुण वजा केला जाईल.)

सूचना: प्रत्येक प्रश्नाखाली स्पष्टीकरण दिलेले आहे, म्हणून आधी ते कागदाने झाकून उत्तर लिहावे आणि मगच पडताळून पाहावे. संख्यात्मक प्रश्नांत गुणाकार-भागाकार क्वचितच चुकतो. चूक होते ती ऊर्जेचे संक्रमण किती वेळा झाले हे मोजण्यात, आणि दिलेली संख्या नेमकी कोणत्या पातळीची आहे हे न वाचण्यात. त्यामुळे साखळी लिहून घेऊन तिच्यातील बाण मोजल्याशिवाय पर्यायांकडे पाहू नये.

प्रश्न १. एका सागरी अन्नसाखळीत वनस्पती प्लवक → प्राणी प्लवक → बांगडा → सुरमई असा क्रम आहे. वनस्पती प्लवकांमध्ये ४०,००० किलोजूल ऊर्जा साठलेली असल्यास दहा टक्के नियमानुसार सुरमईच्या पातळीवर किती ऊर्जा उपलब्ध होईल?
(अ) ४,००० किलोजूल (ब) ४०० किलोजूल (क) ४० किलोजूल (ड) ४ किलोजूल

उत्तर: (क). साखळीत बाण तीन आहेत, म्हणून ४०,००० ला तीन वेळा दहाने भागावे: ४,०००, ४०० आणि ४०. सुरमई चौथ्या पोषण पातळीवर आहे हे पाहून जो चार वेळा भागतो, त्याला पर्याय (ड) मिळतो आणि तो पर्याय प्रश्नकर्त्याने त्याच्यासाठीच ठेवलेला असतो.

प्रश्न २. भातखाचराच्या एका तुकड्यावर ठरावीक काळात ५,००,००० जूल सौर ऊर्जा पडते आणि त्यांपैकी १ टक्का ऊर्जा भातपिकात साठवली जाते. भात → नाकतोडा → बेडूक → दिवड या साखळीत दिवडापर्यंत किती ऊर्जा पोहोचेल?
(अ) ५०० जूल (ब) ५० जूल (क) ५ जूल (ड) ०.५ जूल

उत्तर: (क). दहा टक्के नियम सूर्यप्रकाश आणि वनस्पती यांच्यामधल्या टप्प्याला लागू होत नाही. तो उत्पादकापासून पुढे, एका पोषण पातळीकडून दुसऱ्या पातळीकडे जाणाऱ्या ऊर्जेसाठी आहे. पडलेल्या सौर ऊर्जेपैकी निम्म्याहून कमी भागच प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडतो, आणि त्यातलाही थोडाच वनस्पती पकडू शकते. म्हणून पहिल्या टप्प्याला प्रश्नात दिलेला १ टक्का घ्यावा: भातात ५,००० जूल, नाकतोड्यात ५००, बेडकात ५० आणि दिवडात ५. सूर्यापासूनच दहाने भागत आल्यास ५० जूल हे उत्तर येते, आणि या प्रश्नात सर्वाधिक परीक्षार्थी याच पर्यायाकडे ओढले जातात. प्रश्नात 'सौर ऊर्जा' असे शब्द असतील आणि शेजारी टक्केवारी दिलेली असेल, तर तिच्याखाली रेघ ओढून ठेवावी.

प्रश्न ३. किनाऱ्यावरच्या उंच झाडावर घरटे करणाऱ्या समुद्री गरुडाला एका कालावधीत ३० किलोकॅलरी ऊर्जा मिळवायची आहे. पहिल्या स्थितीत साखळी वनस्पती प्लवक → प्राणी प्लवक → लहान मासा → समुद्री गरुड अशी आहे, तर दुसऱ्या स्थितीत ती शैवाल → बोय मासा → समुद्री गरुड अशी आहे. दुसऱ्या स्थितीत उत्पादक पातळीवर किती ऊर्जा कमी लागेल?
(अ) ३,००० किलोकॅलरी (ब) २७,००० किलोकॅलरी (क) ३०,००० किलोकॅलरी (ड) २७० किलोकॅलरी

उत्तर: (ब). वरून खाली येताना भागाकाराच्या जागी गुणाकार येतो. पहिल्या साखळीत बाण तीन असल्याने ३० × १,००० = ३०,००० किलोकॅलरी, आणि दुसरीत बाण दोन असल्याने ३० × १०० = ३,००० किलोकॅलरी. विचारलेला आहे तो या दोहोंतील फरक, म्हणून उत्तर २७,००० किलोकॅलरी. पर्याय (अ) आणि (क) ही गणिताची मधली उत्तरे आहेत. अर्धे गणित करून थांबणाऱ्याला आपले उत्तर पर्यायांत दिसते आणि तो निश्चिंत होतो. साखळी जितकी आखूड तितके तेवढ्याच उत्पादनावर अधिक भक्षक जगू शकतात, आणि साखळ्यांमध्ये चार-पाच पातळ्यांपेक्षा अधिक क्वचितच आढळतात, या दोन्ही गोष्टींमागचे मुख्य कारण हेच मानले जाते.

प्रश्न ४. एका खाडीतील कांदळवनाचे स्थूल प्राथमिक उत्पादन वर्षाला प्रति चौरस मीटर ८,००० किलोकॅलरी आहे आणि वनस्पतींच्या श्वसनात ५,००० किलोकॅलरी खर्च होते. भक्षकांना उपलब्ध असणाऱ्या ऊर्जेवर दहा टक्के नियम लावल्यास द्वितीयक भक्षकांकडे किती ऊर्जा जाईल?
(अ) ८० किलोकॅलरी (ब) ५० किलोकॅलरी (क) ३०० किलोकॅलरी (ड) ३० किलोकॅलरी

उत्तर: (ड). वनस्पतीने स्वतःच्या श्वसनात जी ऊर्जा खर्च केली, ती कोणाच्याही तोंडी पडत नाही. त्यामुळे आधी निव्वळ प्राथमिक उत्पादन काढावे: ८,००० − ५,००० = ३,०००. यानंतर प्राथमिक भक्षकांकडे ३०० आणि द्वितीयक भक्षकांकडे ३० किलोकॅलरी.

येथे एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. कांदळवनात हिरव्या पानांवर थेट चरणाऱ्या प्राण्यांचा वाटा लहान असतो. तिवर आणि कांदळ यांची बहुतांश पाने गळून चिखलात पडतात, त्यांवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि ते कुजके अन्न खेकडे, कोळंबी व लहान मासे खातात. ही मृतजन्य अन्नसाखळी होय. तिचा आरंभ मृत सेंद्रिय पदार्थापासून होतो, हे विधान सत्य-असत्य प्रकारात वारंवार विचारले जाते. 'प्रत्येक अन्नसाखळीचा पहिला दुवा जिवंत हिरवी वनस्पती असतो' असे विधान आल्यास ते असत्य ठरवावे.

प्रश्न ५. आंब्याच्या एका कलमावर ४,००० तुडतुडे आणि त्यांवर जगणारे २०० कोळी आढळले. या निरीक्षणाबाबत कोणते विधान योग्य आहे?
(अ) दहा टक्के नियमानुसार कोळी ४०० असायला हवे होते. (ब) संख्येचा मनोरा पायाशी अरुंद आणि मध्ये रुंद आहे. (क) ऊर्जेचा मनोरा उलटा आहे. (ड) संख्येचा मनोरा सरळ आहे.

उत्तर: (ब). दहा टक्के नियम ऊर्जेचा आहे, डोकी मोजण्याचा नाही. एका कलमात साठलेली ऊर्जा हजारो तुडतुड्यांना पुरते, म्हणून संख्येचा आकार काहीही असला तरी ऊर्जेचा मनोरा सरळच राहतो.

प्रश्न ६. समुद्राच्या एका भागात कोणत्याही क्षणी वनस्पती प्लवकांचे वस्तुमान प्रति चौरस मीटर ४ ग्रॅम आणि प्राणी प्लवकांचे २१ ग्रॅम आढळते. वनस्पती प्लवकांचा साठा वर्षातून १०० वेळा नव्याने तयार होतो. प्रत्येक ग्रॅममधील ऊर्जा दोन्हींत समान मानल्यास, दहा टक्के नियमानुसार प्राणी प्लवकांचे वार्षिक उत्पादन प्रति चौरस मीटर किती असेल?
(अ) ०.४ ग्रॅम (ब) २.१ ग्रॅम (क) ४० ग्रॅम (ड) २१० ग्रॅम

उत्तर: (क). वनस्पती प्लवकांचे वार्षिक उत्पादन ४ × १०० = ४०० ग्रॅम, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे ४० ग्रॅम. या प्रश्नातला खरा मुद्दा गणिताच्या पलीकडचा आहे. जैववस्तुमानाचा मनोरा एका क्षणी हाती लागलेला साठा दाखवतो, तर ऊर्जेचा मनोरा ठरावीक काळात वाहून गेलेली ऊर्जा दाखवतो. वनस्पती प्लवक झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात, म्हणून त्यांचा साठा कोणत्याही क्षणी थोडाच दिसतो आणि जैववस्तुमानाचा मनोरा उलटा होतो. वर्षभराचा हिशेब मांडला की ४०० वर ४० असा सरळ मनोरा उभा राहतो. उलट्या ऊर्जा मनोऱ्याचे उदाहरण विचारले गेले, तर 'असा मनोरा नसतो' हाच पर्याय शोधावा.

प्रश्न ७. रेमंड लिंडमन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग या सरोवराचा अभ्यास १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून पुढे रूढ झालेल्या दहा टक्के नियमाच्या संदर्भात, ज्या परिसंस्थेत उत्पादक, प्राथमिक भक्षक आणि द्वितीयक भक्षक यांच्याकडे अनुक्रमे १२,०००, १,५०० आणि १२० किलोकॅलरी ऊर्जा आढळते, तेथील दोन संक्रमणांची कार्यक्षमता किती?
(अ) १० टक्के व १० टक्के (ब) १२.५ टक्के व ८ टक्के (क) ८ टक्के व १२.५ टक्के (ड) १२.५ टक्के व १ टक्का

उत्तर: (ब). १,५०० ÷ १२,००० = १२.५ टक्के आणि १२० ÷ १,५०० = ८ टक्के. पर्याय (ड) मध्ये दुसरे संक्रमणही उत्पादकाच्या ऊर्जेवरूनच मोजलेले आहे, जे चुकीचे आहे. प्रत्येक संक्रमण लगतच्या खालच्या पातळीशी ताडून पाहावे. दहा टक्के ही सरासरीच्या आसपासची सोयीची संख्या आहे. खुद्द लिंडमन यांच्या सरोवरात प्राथमिक भक्षकांची कार्यक्षमता १३.३ टक्के आणि द्वितीयक भक्षकांची २२.३ टक्के निघाली होती. म्हणून प्रश्नात प्रत्यक्ष आकडे दिलेले असतील तेथे नियम बाजूला ठेवून आकड्यांवरच काम करावे.

प्रश्न ८. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर आणि भातशेती सोडून दिलेल्या वरकस जमिनीवर अनुक्रमण सुरू आहे. वरकस जमिनीवरील समुदायाचे स्थूल उत्पादन (उ) आणि संपूर्ण समुदायाचे श्वसन (श्व) प्रति चौरस मीटर प्रति वर्ष किलोकॅलरीत मोजले असता सुरुवातीच्या टप्प्यात उ = १,२००, श्व = ८०० आणि बऱ्याच काळानंतर उ = २,४००, श्व = २,३५० आढळले. पुढीलपैकी कोणता निष्कर्ष योग्य आहे?
(अ) उ/श्व गुणोत्तर १.५ वरून सुमारे १ पर्यंत आले असून समुदाय चरम अवस्थेकडे सरकत आहे. (ब) एकूण उत्पादन दुप्पट झाल्याने वार्षिक वाढही दुप्पट झाली आहे. (क) सड्यावरील अनुक्रमण वरकस जमिनीपेक्षा जलद होईल. (ड) दोन्ही ठिकाणी अग्रणी प्रजाती दगडफूलच असेल.

उत्तर: (अ). सुरुवातीला १,२०० ÷ ८०० = १.५, म्हणजे दरवर्षी ४०० किलोकॅलरी समुदायात साठत होत्या. नंतर २,४०० ÷ २,३५० हे गुणोत्तर १ च्या अगदी जवळ आहे आणि साठणारी ऊर्जा फक्त ५० किलोकॅलरी उरली आहे, त्यामुळे (ब) चुकीचे ठरते. चरम समुदायात जेवढी ऊर्जा बांधली जाते, जवळपास तेवढीच श्वसनात खर्च होते, म्हणून घनदाट जंगल भरपूर उत्पादन करत असूनही त्याच्या जैववस्तुमानात फारशी भर पडत नाही.

पर्याय (क) आणि (ड) प्राथमिक व द्वितीयक अनुक्रमणातील भेदावर बेतलेले आहेत. सड्याच्या उघड्या कातळावर माती नसते. तेथे प्रथम दगडफूल येते, त्याच्या आम्लांमुळे दगडाची झीज होते, मग शेवाळ, पुढे पावसाळी गवते व लहान वनस्पती, त्यानंतर करवंदासारखी झुडपे आणि सरतेशेवटी वृक्ष, असा हा लांबचा प्रवास आहे. वणवा किंवा सततची चराई असल्यास तो गवताच्या टप्प्यावरच वर्षानुवर्षे अडकून राहतो. वरकस जमिनीत माती, बिया आणि जुनी मुळे आधीपासूनच असतात, म्हणून तेथे पहिल्याच पावसाळ्यात तण व गवत उगवते आणि दगडफुलाच्या टप्प्याची गरज पडत नाही. तळ्यातील अनुक्रमणाचा क्रम विचारल्यास तो प्लवक, बुडालेल्या वनस्पती, तरंगत्या पानांच्या वनस्पती, पाणकणीस, लव्हाळे, झुडपे आणि वन असा लिहावा. त्याची सुरुवात सड्याच्या अगदी उलट, पाण्यात होत असली तरी दोन्हींची वाटचाल मध्यम ओलाव्याच्या स्थितीकडेच असते.