मुलाखतीच्या पत्राचा मराठी अनुवाद: मंगळवार, ८ डिसेंबर २०२६, दुपारी १ (भारतीय वेळ)

चि. संदेशला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं इंग्रजी पत्र दोनदा वाचलं, मगच मराठीत उतरवायला बसले. दादा-वहिनींनाही वाचता यावं म्हणून काही गाळलेलं नाही. पत्र दुबईच्या ऑफिसातून आलंय, त्यामुळे त्यातल्या सगळ्या वेळा तिकडच्या घड्याळाच्या आहेत. मी आपली वेळ आधी लिहिली आणि दुबईची तिच्या पाठोपाठ, म्हणजे दोन्ही पत्रं शेजारी ठेवलीस तरी आकडे जुळतील. मूळ पत्र फोनमध्ये राहू दे. घरात भिंतीवर मात्र हा कागद लाव.

*

संदर्भ क्रमांक: RAC/RTN/27
विषय: रेफ्रिजरेशन टेक्निशियन पदासाठी प्रत्यक्ष मुलाखतीचे निमंत्रण

प्रिय श्री. संदेश,

जेबेल अली, दुबई येथील आमच्या मासळी शीतगृहात रेफ्रिजरेशन टेक्निशियन या पदासाठी आपण केलेला अर्ज प्राथमिक छाननीत निवडला गेला आहे. पुढील टप्प्यासाठी आपल्याला मुलाखतीस बोलावताना आम्हाला आनंद होत आहे.

मुलाखत मंगळवार, ८ डिसेंबर २०२६ रोजी होईल. आपण भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १५ मिनिटांनी हजर राहावे (दुबईत तेव्हा सकाळचे १० वाजून ४५ मिनिटे झालेली असतील). मुलाखत भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजता सुरू होईल (दुबईत सकाळी ११ वाजून ३० मिनिटे) आणि साधारण ४५ मिनिटे चालेल. भारतीय वेळेनुसार १२ वाजून ४५ मिनिटांनंतर आलेल्या उमेदवारास त्या दिवशी आत घेता येणार नाही.

ठिकाण: आमच्या भारतीय शाखेचे प्रशिक्षण दालन, मिरजोळे औद्योगिक वसाहत, रत्नागिरी. मुख्य फाटकावर संदर्भ क्रमांक सांगून नोंद करावी.

मुलाखत समितीत तीन जण असतील. देखभाल विभागाचे व्यवस्थापक दुबईहून व्हिडिओद्वारे सहभागी होतील आणि अमोनिया प्लांटच्या कामाबद्दल इंग्रजीत प्रश्न विचारतील. भारतीय शाखेतील वरिष्ठ रेफ्रिजरेशन अभियंता दालनात समोर असतील. १५ मिनिटांचे प्रात्यक्षिक तेच घेतील, त्यात गेजवरचा दाब वाचणे आणि गळती ओळखणे याचा समावेश असेल. मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी पगार, राहण्याची सोय आणि करार यांबद्दल बोलतील. त्याही दालनातच असतील. उमेदवाराने हिंदीत उत्तर दिले तरी चालेल. दालनात एक दुभाषी उपस्थित असतील, परंतु त्या समितीच्या सदस्य नाहीत आणि गुण देणार नाहीत.

व्हिडिओची सोय आम्ही दालनात केली आहे. उमेदवाराने घरून किंवा फोनवरून सहभागी होऊ नये. आपण प्रत्यक्ष येणे आवश्यक आहे.

सोबत आणावयाची मूळ कागदपत्रे: पासपोर्ट (मुलाखतीच्या दिवसापासून किमान ६ महिने वैध असलेला), आधार कार्ड, दहावीचे प्रमाणपत्र, आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र (मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग) आणि आजवरच्या प्रत्येक नोकरीचे अनुभवपत्र. अनुभवपत्र कारखान्याच्या लेटरहेडवर असावे आणि त्यावर कामाला लागल्याची व सोडल्याची तारीख असावी. सध्या काम करत असल्यास तसे नमूद असावे. मूळ कागदपत्रे आपल्यासमोर पाहून त्याच वेळी परत केली जातील. पासपोर्टसह कोणतेही मूळ कागदपत्र आमच्याकडे ठेवून घेतले जाणार नाही.

याच कागदपत्रांच्या छायाप्रतींचे दोन संच आणावेत आणि प्रत्येक पानावर आपण स्वतः सही व तारीख घालावी. हे संच आमच्याकडे राहतील. त्यासोबत गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे ४ पासपोर्ट आकाराचे फोटो आणावेत. प्रात्यक्षिकासाठी पायात सेफ्टी शूज असावेत, बाकी साधने आम्ही देऊ.

या टप्प्यावर कोणत्याही सरकारी खात्याचे किंवा दूतावासाचे साक्षांकन लागत नाही. निवड झाल्यास त्याबद्दल स्वतंत्रपणे कळवू.

मुलाखतीसाठी कोणतेही शुल्क नाही. कोणीही आमच्या नावाने पैसे मागितल्यास देऊ नयेत आणि आम्हाला कळवावे.

आपण येणार असल्याचे गुरुवार, ३ डिसेंबर २०२६ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजेपर्यंत (दुबईत दुपारी ४ वाजून ३० मिनिटे) याच ईमेलला उत्तर देऊन कळवावे.

आपला,
मनुष्यबळ विभाग, दुबई कार्यालय

*

आता काही गोष्टी तुझ्याशी.

इंग्रजी पत्रात वेळेपुढे GST लिहिलंय. आपल्याकडे ती अक्षरं दिसली की डोक्यात कर येतो. इथे ते Gulf Standard Time आहे, म्हणजे आखाती प्रमाणवेळ. ती आपल्या IST पेक्षा दीड तास मागे असते, उन्हाळा असो की हिवाळा, कारण दुबई आणि भारत दोन्हीकडे घड्याळ मागेपुढे करत नाहीत. म्हणून त्यांचे साडेअकरा म्हणजे आपला एक. हा हिशोब मी एकदा केलाय, तू पुन्हा करू नकोस. आपल्या वाडीतला एक मुलगा असाच फसला. त्याच्या पत्रात वेळ भारतीयच होती, त्याने ती दुबईची समजून दीड तास वाढवला आणि पोचला तेव्हा खोलीला कुलूप. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

मूळ पत्रात तारीख 08/12/2026 अशी आहे. तिला १२ ऑगस्ट समजणारेही असतात, म्हणून मी महिना अक्षरांत घातला आणि वार जोडला. वार मूळ पत्रातही आहे, Tuesday. ८ डिसेंबरला मंगळवार येतो, कॅलेंडर काढून पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ मी self-attested या एका शब्दावर घालवला. ‘साक्षांकित’ एवढंच लिहिलं असतं तर दादाने तुला तहसीलपासून मुंबईपर्यंत धावायला लावलं असतं, कारण आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या कागदांवर शिक्के लागतात हे त्याने ऐकलेलं आहे. ते शिक्के लागतात, पण निवड झाल्यावर. आत्ता फक्त झेरॉक्सवर तुझी सही. म्हणून मी ‘आपण स्वतः सही व तारीख’ असं सरळ लिहिलं.

बर्फाच्या कारखान्याच्या मालकांकडून अनुभवपत्र याच आठवड्यात माग. ते माणूस म्हणून चांगले आहेत, पण सहीला वेळ लावतात. ‘काम चांगले केले’ एवढं लिहून दिलं तर चालणार नाही, कामाला लागल्याची तारीख हवी आणि अजून तिथेच आहेस हेही हवं. अमोनिया कॉम्प्रेसरवर काम केल्याचा उल्लेख घालायला सांग. देखभालवाले साहेब तेच विचारणार.

मंगळवारी सकाळी तवसाळहून फेरीबोट पकडून जयगडमार्गे यायचा विचार करू नकोस. सोमवारीच माझ्याकडे नाचण्याला मुक्कामाला ये. कागद प्लास्टिकच्या पिशवीत आण, बोटीवर उडालेल्या पाण्याने शाई पसरते. लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र तसंच असू दे. रात्री जेवणं झाल्यावर एकेक कागद या यादीशी लावून बघू, आणि ईमेलचं उत्तर ३ तारखेची वाट न पाहता आजच टाक. उत्तरात संदर्भ क्रमांक लिहायला विसरू नकोस.

तुझी आत्या